ट्रान्सपॉन्डर कोड कसा लावायचा, आणि 7500, 7600, 7700 दिसलं की कंट्रोलरला त्या क्षणी काय कळतं

ट्रान्सपॉन्डर म्हणजे जमिनीवरच्या रडारला आपोआप उत्तर देणारा विमानातला डबा, आणि त्यावर लावलेले चार आकडे म्हणजे कोड: 7500 हायजॅकचा, 7600 रेडिओ फेलचा, 7700 इमर्जन्सीचा. याबद्दल त्याच त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. शिकाऊ पायलट करतात, सिम्युलेटरवाले करतात, आणि फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर 7700 बघून धडाधड मेसेज फॉरवर्ड करणारे तर करतातच. कुणाला वाटतं 7700 लावलं की कंट्रोलरला सगळं समजतं, कुणी नवीन कोड फिरवता फिरवता मधेच 7600 वर थांबतो, आणि कुणी काहीही बिघडलं की आधी नॉबला हात घालतो, विमान कोण उडवतंय ते नंतर बघू! म्हणून इथे फक्त क्रम सांगतो: कोड काय असतो, तो कसा बदलायचा, आणि इमर्जन्सी कोड कधी लावायचा आणि कधी नाही लावायचा.

## पायरी १: डब्यातून नेमकं काय जातं ते आधी समजून घ्या

जमिनीवरचा सेकंडरी रडार १०३० मेगाहर्ट्झवर एक प्रश्न पाठवतो, आणि तुमचा ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. एक, "तुझा कोड काय?" म्हणजे मोड ए. दुसरा, "तुझी उंची काय?" म्हणजे मोड सी. तुम्ही नॉबवर जे चार आकडे लावता ते फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर. उंची वेगळी जाते, त्या चार आकड्यांशी तिचा काही संबंध नाही.

उत्तरात पल्सच्या बारा जागा असतात, प्रत्येक जागी पल्स असतो किंवा नसतो. एका आकड्याला तीन जागा, त्यांचं वजन ४, २ आणि १. म्हणून एका आकड्यात जास्तीत जास्त ७ बसतो, आणि म्हणूनच कोडमध्ये ८ आणि ९ कधीच येत नाहीत. समजा तुम्हाला 4625 मिळालाय:

```
4 = 4
6 = 4 + 2
2 = 2
5 = 4 + 1
```

एकूण कोड ८ × ८ × ८ × ८, म्हणजे ४०९६. आकाशातल्या विमानांच्या मानाने हे फारच कमी आहेत, त्यामुळे एकच कोड वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या विमानांना दिला जातो. म्हणजे कोड हा विमानाचा कायमचा नंबर नाही, तेवढ्यापुरतं लावलेलं लेबल आहे. कंट्रोलरचा कॉम्प्युटर ते लेबल फ्लाइट प्लॅनशी जुळवतो आणि मग स्क्रीनवर ठिपक्याशेजारी कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, दिसतो.

ही जुळवणी तुटली की काय होतं याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेल्या दिवसातलं आहे. ११ सप्टेंबर २००१ ला हायजॅक झालेल्या युनायटेड १७५ या विमानाचा कोड ८ वाजून ४७ मिनिटांनी बदलला गेला, आणि लगेच पुन्हा बदलला गेला. ट्रान्सपॉन्डर चालूच होता, उत्तरं येतच होती, पण दिलेला कोड राहिला नव्हता, आणि कंट्रोलरच्या ते लक्षात यायला ८:५१ झाले. त्या दिवशीच्या चारपैकी एकाही विमानातून 7500 आला नाही, हेही डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

तपासा: पॅनलवर STBY, ON आणि ALT या तीन जागा कुठे आहेत ते बसल्या जागेवर, न बघता हाताला सापडायला हव्यात. STBY म्हणजे डबा गरम आहे पण उत्तर देत नाही. ON म्हणजे कोड जातो, उंची जात नाही. ALT म्हणजे दोन्ही जातात. उडताना ALT वरच असायला हवं. ON वर राहून गेलेला नॉब ही सगळ्यात कॉमन चूक आहे, कारण आत बसलेल्याला काहीच चुकल्यासारखं वाटत नाही, कंट्रोलरला मात्र उंचीची जागा रिकामी दिसते.

## पायरी २: कोड ऐका, परत बोला, मग फिरवा

कंट्रोलर म्हणतो "स्क्वॉक फोर सिक्स टू फाइव", म्हणजे 4625 हा कोड लावा. तुम्ही चारही आकडे सुटे सुटे परत बोलायचे. "रॉजर" म्हणून सोडून द्यायचं नाही. आधी कागदावर लिहा, मग बोला, मग नॉबला हात लावा, कारण फिरवता फिरवता बोलायला गेलं की दोन आकड्यांची अदलाबदल हमखास होते आणि मग तुम्ही दुसऱ्याच कुणाचं लेबल लावून हिंडता.

आता फिरवण्याचा क्रम. नवीन डब्यांवर बटणं असतात, चौथा आकडा दाबेपर्यंत जुनाच कोड जात राहतो, तिथे प्रश्न नाही. पण चार नॉबवाल्या जुन्या डब्यात प्रत्येक क्लिकला जे दिसतंय तेच बाहेर जात असतं. समजा आत्ता 3600 आहे आणि नवीन कोड मिळाला 7120. सरळ डावीकडून सुरुवात केलीत आणि पहिला आकडा ३ वरून ७ वर नेलात तर खिडकीत आलं 7600. रेडिओ फेल! आणि तुम्ही तर रेडिओवर बोलताय. योग्य क्रम असा: आधी दुसरा आकडा, म्हणजे 3100, मग पहिला, 7100, मग तिसरा, 7120.

उलटही होतं. युरोपात व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजरेने बघत, उडताना 7000 लावतात. तिथून 4620 वर जायचंय आणि दुसरा आकडा आधी फिरवलात तर मधे 7600 आलाच. इथे पहिला आकडा आधी हलवायचा: 4000, मग 4600, मग 4620. आणि 7000 वर असताना दुसरा नॉब एक क्लिक उलटा गेला, शून्याच्या मागे सात, की थेट 7700.

म्हणजे लक्षात ठेवायचं एवढंच: पहिल्या जागी ७ आणायचा असेल तर दुसरा आकडा आधी, पहिल्या जागचा ७ काढायचा असेल तर पहिला आकडा आधी.

सावधान: शेवटचे दोन आकडे शून्य नाहीत म्हणजे आपण सुरक्षित, असं समजू नका. अमेरिकेत 7600 ते 7677 आणि 7700 ते 7777 या दोन्ही अख्ख्या मालिका कंट्रोलरच्या सिस्टिममध्ये इशारा वाजवतात. हायजॅकचा मात्र फक्त नेमका 7500.

मधे एखाद सेकंद आला तर काय बिघडतं, असं लोक विचारतात. विमानतळाजवळच्या रडारची अँटेना साधारण चार-पाच सेकंदात एक फेरी मारते, लांब पल्ल्याची दहा-बारा सेकंदात, त्यामुळे बऱ्याचदा निसटूनही जाल, पण एकच रडार तुम्हाला बघत नसतो, आणि तुमच्यावरून बीम नेमका कधी जाणार ते तुम्हाला कुठे माहीत असतं?

## पायरी ३: पहिल्या संपर्कात उंची जुळवून घ्या

ही पायरी लोक उडवून टाकतात, आणि मग इमर्जन्सीत तीच नडते. पहिल्यांदा कंट्रोलरशी बोलताना आपली उंची सांगायची असते, ती उगाच नाही. तो स्क्रीनवरची उंची तुम्ही सांगितलेल्या उंचीशी ताडून बघतो. ३०० फुटांच्या आत फरक असेल तर ती उंची तो वापरू शकतो (वरच्या हवेत, जिथे विमानं हजार फुटांच्या अंतराने उडवतात, तिथे ही मर्यादा २०० फूट). जास्त फरक असेल तर तो तुम्हाला उंची पाठवणं बंद करायला सांगतो. तेव्हा ALT वरून ON वर या. चुकीच्या उंचीपेक्षा रिकामी जागा बरी.

इथे एक गैरसमज. अल्टिमीटरचं सेटिंग फिरवलं की ट्रान्सपॉन्डरची उंचीही बदलते असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही बदलत. डबा कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल धरूनच उंची पाठवतो, स्थानिक दाबाचा हिशोब जमिनीवरचा कॉम्प्युटर करतो. म्हणून उंची चुकीची दिसत असेल तर बिघाड तुमच्या यंत्रात असू शकतो, किंवा तुम्ही अल्टिमीटरवर चुकीचा दाब लावून चुकीच्या उंचीवर उडत असाल. दुसरी शक्यता जास्त वाईट, म्हणून आधी ती तपासा.

आणि आयडेंटचं बटण सांगितल्याशिवाय दाबायचं नाही. ते दाबलं की उत्तराला एक जादा पल्स लागतो, साधारण पंधरा ते तीस सेकंद, आणि तुमचा ठिपका स्क्रीनवर उठून दिसतो. कंट्रोलरने दुसऱ्याला आयडेंट सांगितलं आणि त्याच वेळी तुम्हीही दाबलं, तर तो चुकीच्या विमानाला ओळखून बसेल.

## पायरी ४: 7700, आणि तो कधी लावायचा नाही

7700 दिसला की कंट्रोलरला लगेच काय कळतं? हे विमान अडचणीत आहे, ते इथे आहे, या उंचीवर आहे. बस. ठिपक्याचं लेबल लुकलुकायला लागतं, बऱ्याच सिस्टिममध्ये आवाजही होतो, आणि ते फक्त तुमच्या कंट्रोलरलाच नाही तर त्या पट्ट्यात बघणाऱ्या इतरांनाही दिसतं. हाच या कोडचा खरा फायदा: तुम्ही कुणाशीच बोलत नसलात तरी कुणीतरी तुमच्याकडे बघायला लागतं.

काय कळत नाही ते जास्त महत्त्वाचं. इंजिन बंद पडलंय की धूर येतोय की प्रवाशाला हार्ट अटॅक आलाय, कुठे उतरायचंय, आत किती माणसं आहेत, इंधन किती वेळाचं आहे, यातलं एक अक्षरही त्या चार आकड्यांत नाही. म्हणून क्रम असा:

१. विमान उडवत राहा. वेग, उंची, दिशा.
२. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला. "मेडे" तीनदा, कॉलसाइन, काय झालंय, काय करायचंय, कुठे आहात. तितकं गंभीर नसेल तर "पॅन पॅन" तीनदा.
३. कोडचा विचार यानंतर.

आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. तुम्ही आधीच कंट्रोलरशी बोलताय आणि त्याने दिलेला कोड लावलेला आहे, तर तोच कोड ठेवायचा, त्याने 7700 लावायला सांगेपर्यंत. आंतरराष्ट्रीय पद्धत हीच आहे. कारण पायरी १ मधलंच: तुमचं लेबल त्या कोडला जोडलेलं आहे, तुम्ही कोण आहात ते त्याला पक्कं माहीत आहे, ती जोडणी ऐन वेळी मोडायची कशाला? 7700 लावणंच योग्य आहे असं मानायला ठोस कारण असेल, उदाहरणार्थ कुणी उत्तरच देत नाहीये, तर पायलटला तो लावायची मुभा आहे. आणि कुणाशीच संपर्क नव्हता, नुसता 7000 किंवा अमेरिकेतला 1200 लावून फिरत होतात, तर मात्र लगेच 7700 लावा आणि १२१.५ या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर बोला.

सावधान: आजूबाजूच्या विमानांना तुमचा 7700 दिसत नाही. त्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा तुमची उंची विचारते, चार आकड्यांचा कोड नाही. आणि डोंगराआड किंवा खूप खाली असाल तर जमिनीवरच्या रडारलाही कदाचित काहीच दिसत नसेल. कोड लावला म्हणजे कुणीतरी बघितलंच, असं धरून चालू नका.

ॲपवाल्यांसाठी: 7700 म्हणजे विमान पडतंय असं नाही. आजारी प्रवाशासाठी वळवलेल्या विमानातही हाच कोड असतो. दहा मिनिटं बघा, मग फॉरवर्ड करा.

## पायरी ५: 7600, एक प्रसंग सुरुवातीपासून

छोटं विमान, स्वच्छ हवा, ६५०० फूट, कोड 4625. पायलट बोलतोय, उत्तर नाही. पुन्हा बोलतो, नाही.

लगेच 7600 नाही लावायचा. बहुतेक वेळा रेडिओ मेलेलाच नसतो. आधी व्हॉल्यूम, मग हेडसेटचे दोन्ही जॅक ढकलून बघा, फ्रिक्वेन्सीचे आकडे वाचा, ट्रान्समिट बटण अडकलंय का बघा (अडकलेलं बटण असेल तर तुम्हालाच ऐकू येत नाही असं नाही, तुम्ही अख्खी फ्रिक्वेन्सी बंद करून ठेवलेली असते). मग मागच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बघा, दुसरा रेडिओ असेल तर तो, मग १२१.५. हे सगळं एक-दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या पायलटने सगळं केलं, उपयोग झाला नाही. आता 7600. आकडा ४ वरून ७ वर जाणार, शेवटचे दोन शून्य होणार, दुसरा सहा तसाच राहणार. यात 7500 किंवा 7700 कुठेच लागत नाही, बरं झालं.

पुढच्या फेरीला कंट्रोलरच्या स्क्रीनवर रेडिओ फेलचं चिन्ह आलं. त्याला काय कळलं? या माणसाशी बोलणं होत नाहीये, आणि हे त्या माणसालाही माहीत आहे. दुसरा भाग मोठा आहे. नुसतं उत्तर न येणं म्हणजे पायलट झोपलाय, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर आहे, की आणखी काही, हे सांगता येत नाही. 7600 आल्यावर ती शंका फिटते, आणि हा माणूस रेडिओ फेलच्या ठरलेल्या नियमाने वागेल असं धरून तो बाकीची विमानं बाजूला काढतो.

मग तो हमखास एक गोष्ट करतो: "ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा." आपल्या पायलटचा रिसीव्हर चालू होता, फक्त माइक गेला होता. त्याने बटण दाबलं, ठिपका उठून दिसला, आणि बोलण्याचा अर्धा रस्ता मोकळा झाला. पुढची प्रत्येक सूचना आयडेंटने कबूल होते. म्हणून 7600 लावल्यावर व्हॉल्यूम कमी करू नका, ऐकत राहा, प्रत्येक सूचना करून दाखवा.

काहीच ऐकू येत नसेल तर: हवा स्वच्छ आहे ना, मग स्वच्छ हवेतच राहायचं आणि जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. टॉवरच्या दिव्याकडे बघा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका.

ढगांत असाल तर हिशोब वेगळा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार रडारच्या पट्ट्यात शेवटचा दिलेला वेग आणि उंची ७ मिनिटं धरायची (मार्गावरच्या सुरक्षित किमान उंचीपेक्षा ती कमी असेल तर किमान उंची), आणि मग फ्लाइट प्लॅनप्रमाणे जायचं. ही सात मिनिटं मोजायच्या खुणांपैकी एक म्हणजे 7600 लावल्याची वेळ. म्हणून कोड लावला की घड्याळ बघून लिहून ठेवा, कारण कंट्रोलरही तिकडे मिनिटं मोजतोय. अमेरिकेसारख्या काही देशांत नियम वेगळे आहेत, जिथे उडता तिथले उडायच्या आधी वाचा.

## पायरी ६: 7500, आणि इथे गप्प बसण्यालाही अर्थ असतो

7500 म्हणजे विमानावर कुणीतरी बेकायदा ताबा घेतलाय किंवा घेऊ पाहतोय. कंट्रोलर यावर आरडाओरडा करत नाही, उघडपणे काही विचारतही नाही, कारण कॉकपिटमध्ये अजून कोण ऐकतंय ते त्याला माहीत नसतं. तो साध्या आवाजात एवढंच विचारतो, 7500 लावलाय याची खात्री करा. पायलट "हो" म्हणाला, किंवा काहीच बोलला नाही, तर दोन्हींचा अर्थ एकच धरला जातो: कोड चुकून लागलेला नाही.

आता तुमच्या लक्षात येईल की चुकून 7500 लावून वर त्या प्रश्नाला उत्तर न देणं किती महागात पडतं. कोड गुपचूप बदलून टाकणं हाही उपाय नाही, कारण बदललेला कोड म्हणजे कुणीतरी जबरदस्तीने बदलायला लावला असंही होऊ शकतं. चुकून लागला तर लगेच रेडिओवर स्पष्ट सांगा, आणि पुढे कंट्रोलर सांगेल तसं. सांगूनही तपासणी होऊ शकते, त्याला इलाज नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर एअर युरोपाच्या विमानातून हायजॅकचा इशारा चुकून दिला गेला, विमान जमिनीवरच होतं, तरी मोठा पोलीस बंदोबस्त धावला.

तपासा: तुम्ही तसं काही कळवलेलं नसताना कुणी 7500 लावायला सांगितला तर लावू नका, नकार द्या. अमेरिकेच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय, तो कोड कंट्रोलर आपणहून देतच नाही.

आणि वर म्हटलं ते: २००१ मधल्या चारही विमानांतून 7500 आलाच नाही. म्हणून कंट्रोलर फक्त कोडची वाट बघत नाही. संपर्क तुटणं, मार्ग सोडणं आणि ट्रान्सपॉन्डर बंद होणं किंवा कोड बदलणं, या गोष्टी एकत्र आल्या की तो 7500 नसतानाही तसाच विचार करायला लागतो. म्हणून तुमचा ट्रान्सपॉन्डर बिघडला तर ते आपणहून लवकर सांगा.

## पायरी ७: प्रसंग सरल्यावर

अडचण मिटली की लोक घाईने जुना कोड लावतात. थांबा. आधी बोला, "अडचण मिटली, कोड कुठला लावू?" असं विचारा, आणि मिळेल तोच लावा, कदाचित तो नवीन असेल. रेडिओ परत चालू झाला असेल तर 7600 वर असतानाच संपर्क करून सांगा, नाहीतर स्क्रीनवर इशारा नुसता गायब झालेला दिसेल आणि कंट्रोलर बिचारा का म्हणून शोधत बसेल. 7700 किंवा 7600 वर उतरलात तर तोच कोड ठेवा, सांगितल्यावरच बदला. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरही ट्रान्सपॉन्डरवर नजर असते, त्यामुळे धावपट्टी सोडताच STBY करायची सवय तिथे चालत नाही, पार्किंगला लागल्यावरच STBY.